लिंक्डइनच्या ‘अबाउट’मध्ये गाव, बंदर आणि घरातली पहिली पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची दापोली तालुक्यातली, घरातली पहिली पदवीधर. गेली बारा वर्षं पुण्यात नोकरभरतीचं काम करते. गणपतीला घरी गेले की वाडीतली आणि आजूबाजूच्या गावांतली मुलं-मुली फोन घेऊन ओटीवर येतात आणि आपलं लिंक्डइन प्रोफाइल, त्यातही ‘अबाउट’ हा स्वतःबद्दल लिहायचा भाग, दाखवतात. त्यांच्या प्रश्नांपैकी जे दरवर्षी येतात ते इथे घेतले आहेत. शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरलंय. हर्णैची एक मुलगी, बी.कॉम., सध्या नवी मुंबईतल्या एका शीतगृहात कामाला. तिचा मजकूर आम्ही दोघींनी बसून तीनदा लिहिला. तिच्या परवानगीने, नाव न सांगता, तो इथे देते.

अबाउटमध्ये गावाचा उल्लेख करावा की टाळावा?

करावा, पण गावाने तुम्हाला कोणतं काम शिकवलं ते सांगता येत असेल तरच. नुसतं ‘मी कोकणातल्या एका छोट्याशा गावातून आले’ हे वाक्य मी रोज वाचते. ते वाचून मला तुमच्याबद्दल आपुलकी वाटते, पण तुम्हाला काय येतं ते कळत नाही. आणि समोरची व्यक्ती कोकणातली नसेल तर आपुलकीही वाटत नाही.

टाळण्याचा त्रास मी स्वतः भोगलाय. पहिल्या नोकरीसाठी अर्ज करताना मी गावाऐवजी ‘मुंबई’ लिहिलं होतं. मुलाखत घेणारे गृहस्थ मुंबईचेच निघाले. ‘मुंबईत कुठे?’ असं त्यांनी सहज विचारलं आणि मी गप्प झाले. नंतर मी जे जे खरं सांगितलं, त्यावरही त्यांचा विश्वास बसेना. ती नोकरी मला मिळाली नाही.

मग सुरुवात गावापासून करायची का?

नाही. अबाउटला जागा 2,600 अक्षरांची असते, पण प्रोफाइल उघडल्यावर वरच्या तीन-चार ओळीच दिसतात, फोनवर त्याहून कमी. बाकीचं वाचायला बोट लावून उघडावं लागतं. माझ्यासारखी बाई दिवसाला पन्नास-साठ प्रोफाइलं बघते. त्या तीन ओळींत तुम्ही कोणतं काम करता हे कळलं नाही, तर मी खाली जात नाही.

म्हणून पहिल्या परिच्छेदात आजचं काम लिहा. दुसऱ्या परिच्छेदात, ते काम तुम्ही पहिल्यांदा कुठे शिकलात ते सांगताना, गाव येऊ द्या. तिथे गाव आलं की ते तुमच्या कामाचा पुरावा ठरतं. पहिल्या ओळीत आलं तर नुसता पत्ता.

एक बारीक गोष्ट. अबाउटमध्ये ठळक अक्षर किंवा शीर्षकं देण्याची सोय नाही, मजकूर साधाच राहतो. त्यामुळे परिच्छेदांमध्ये एक ओळ रिकामी सोडा. मराठीत लिहिणार असाल तर जागा जपून वापरा, कारण काना, मात्रा, वेलांटीही वेगवेगळ्या मोजल्या जातात.

लहानपणातलं नेमकं काय निवडायचं?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर जातो, आणि जायला हवा.

हर्णैची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिने लिहिलं होतं: ‘माझा जन्म हर्णै या निसर्गरम्य गावी एका गरीब मच्छीमार कुटुंबात झाला. आईवडील शिकलेले नसूनही त्यांनी मला हलाखीच्या परिस्थितीत शिकवलं. समुद्राने मला लाटांशी झुंजायला शिकवलं. मी मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्यास उत्सुक आहे.’

मी तिला हर्णै खोडून तिथे देवगड लिहायला सांगितलं. मग मालवण, मग श्रीवर्धन. चारही गावांना मजकूर तसाच्या तसा बसला. एक शब्दही बदलावा लागला नाही. गाव बदलूनही वाक्य खरं राहत असेल तर त्या वाक्यात तुम्ही नाही आहात. ही परीक्षा तुमच्या मजकुरावर लगेच करून बघा, दोन मिनिटं लागतात.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, ‘घरी तुझ्या वाट्याला कोणतं काम होतं? तू घरी नसलीस की कोणतं काम अडायचं?’ ती म्हणाली, ‘वही.’

वडील एका यांत्रिक बोटीत भागीदार. बोट फेरीवरून आली की मासळी छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी किनाऱ्यावर यायची आणि तिथेच लिलाव व्हायचा. हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना तो गलका माहीत आहे. रक्कम तोंडी ठरते, टोपली उचलली जाते, आणि लगेच पुढच्या ढिगावर बोली सुरू होते. नववीपासून ही मुलगी वही घेऊन आईशेजारी उभी राहायची. लिलावाची रक्कम एका बाजूला, डिझेल, बर्फ, शिधा दुसऱ्या बाजूला. खर्च वजा करून जे उरेल त्याचे वाटे. वाट्याची पद्धत बोटीबोटीला वेगळी असते. यांच्याकडे निम्मे बोट-जाळ्याचे, आणि उरलेल्या निम्म्याचे सात वाटे: बोट चालवणाऱ्या तांडेलाचे दोन, पाच खलाशांचा एकेक. म्हणजे लिलाव 40,000 चा आणि खर्च 19,000 झाला, तर उरले 21,000, त्यातले 10,500 बोटीचे, आणि एका वाट्याला 1,500. तांडेलाला 3,000. हा हिशेब ओल्या हाताने, वाळूत उभं राहून, पाच खलाशी तोंडाकडे बघत असताना करायचा. एका वाट्यात शंभराची चूक झाली तर रात्री घरी माणूस येतो.

हे ऐकूनही मी थांबले नाही. ‘कधी हिशेब जुळला नाही असं झालं का?’ तेव्हा बर्फाची गोष्ट बाहेर आली. बर्फाच्या कारखान्याची चिठ्ठी 30 लाद्यांची असायची. एकदा बर्फ लवकर संपला म्हणून तिने पुढच्या वेळी उभं राहून मोजलं, तर 27 निघाल्या. तिने भांडण केलं नाही. लादी आत गेली की फळीवर खडूची एक रेघ, असं तिने एका खलाशाला करायला लावलं. चिठ्ठी आणि रेघा जुळल्या की पैसे.

ही मुलगी आज खरेदीची बिलं तपासते. तिथे नियम काय, तर मागणीपत्र, माल आल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल हे तीन कागद जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ऑफिसात याला थ्री-वे मॅचिंग म्हणतात. पंधराव्या वर्षी खडूने रेघा मारून घेताना ती हेच करत होती, फक्त तेव्हा त्याला नाव आहे हे तिला माहीत नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे मला हे कॉलेजच्या आधीपासून येतं.’

निवडायचं ते हे. घरात तुमच्यावर टाकलेलं एक काम, त्यात आलेली एक अडचण, तुम्ही केलेला एक उपाय. आणि ते आजच्या कामाच्या जातीचंच असायला हवं. तिला चित्रकलेच्या नोकरीला अर्ज करायचा असता तर बर्फाच्या लाद्या कितीही खऱ्या असल्या तरी मी त्या घेऊ दिल्या नसत्या.

शेवटचा मजकूर कसा झाला?

तिने प्रोफाइलवर इंग्रजीत टाकला. आम्ही आधी मराठीत लिहिला, कारण मराठीत खोटं वाक्य तिला लगेच ऐकू येत होतं. तो असा:

> खरेदीची बिलं तपासणं हे माझं काम. मागवलं काय, आलं किती आणि बिल कशाचं लागलं, हे तिन्ही जुळल्याशिवाय मी पैसे सुटू देत नाही. नवी मुंबईतल्या शीतगृहात महिन्याला सुमारे 400 बिलं माझ्या हातून जातात.
>
> हे मी हर्णै बंदरावर शिकले. नववीपासून पदवीपर्यंत वडिलांच्या भागीदारीतल्या बोटीचा हिशेब माझ्याकडे होता: डिझेल, बर्फ, शिधा, लिलावाची रक्कम आणि खलाशांचे वाटे. बर्फाच्या चिठ्ठीवर 30 लाद्या आणि बोटीत 27, हे लक्षात आल्यावर मी प्रत्येक लादीला फळीवर खडूची रेघ मारायला लावली. त्यानंतर चिठ्ठी आणि रेघा जुळल्यावरच पैसे दिले जाऊ लागले.
>
> शीतगृहात गेल्या वर्षी एकाच गाडीच्या एकाच फेरीचं भाडं दोन वेगळ्या बिल क्रमांकांनी लागलं होतं. फाटकावरच्या नोंदवहीशी जुळवताना ते मला सापडलं. आता तिथे गाडीभाड्याचं प्रत्येक बिल आधी त्या वहीशी जुळवतात.
>
> मी घरातली पहिली पदवीधर. प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतः वाचून भरले, नंतर वाडीतल्या 6 मुलींना भरून दिले.
>
> मासळी, फळं, दूध अशा नाशवंत मालाच्या खरेदी विभागात काम करायला आवडेल. रोजचं काम एक्सेल आणि टॅलीवर.

यात ‘गरीब’ हा शब्द नाही, ‘मेहनती’ही नाही. बर्फाची गोष्ट आणि गाडीभाड्याची गोष्ट शेजारी ठेवल्यावर, ही मुलगी दहा वर्षं एकाच नजरेने कागद बघते आहे, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. गाडीभाड्याचा परिच्छेद नसता तर बर्फाची गोष्ट लहानपणीची आठवण म्हणून राहिली असती. गावातला पुरावा आणि नोकरीतला पुरावा अशी जोडी लागतेच. अजून नोकरी नसेल तर कॉलेजातला प्रकल्प किंवा उमेदवारी चालेल, पण दुसरा पाय हवा.

शेवटच्या परिच्छेदातली टॅली-एक्सेलची नावं शोभेची नाहीत. भरती करणारे अशा शब्दांवर शोध घेतात, तेव्हा तुम्ही खरोखर वापरता त्या साधनांची नावं मजकुरात असू द्या.

‘घरातली पहिली पदवीधर’ एवढं लिहिलं की पुरे नाही का?

ते वाक्य खरं असलं तरी अर्धंच आहे. घरात आधी कोणी कॉलेजला गेलेलं नसतं तेव्हा नेमकं काय अंगावर येतं, हे ज्याला अनुभव नाही त्याला कळत नाही. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक पारंपरिक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. मला पहिल्या वर्षी एका विषयात एटीकेटी लागली तेव्हा तिचा अर्थ सांगणारं घरी कोणी नव्हतं. आईला वाटलं नापास झाले, शिक्षण संपलं. मी दुसऱ्या दिवशी एसटीने कॉलेजात जाऊन कारकुनांना विचारलं, पुढच्या वर्गात बसता येतं हे कळल्यावर परीक्षेचा अर्ज भरला आणि संध्याकाळी आईला समजावलं.

त्यातून मला सवय लागली ती ही: माहीत नसलेल्या पद्धतीचा कागद पूर्ण वाचायचा, योग्य खिडकीवर जाऊन विचारायचं, आणि मग तेच दुसऱ्याला सोप्या शब्दांत सांगायचं. नोकरीत नवीन माणसाकडून हेच हवं असतं. म्हणून ‘पहिली पदवीधर’च्या पुढे एक कृती जोडा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरलात? जातवैधतेच्या कागदांसाठी कचेरीत किती खेपा घातल्या आणि शेवटी काय लक्षात आलं? धाकट्या भावाचा, शेजारच्या मुलीचा अर्ज भरून दिलात? हर्णैच्या मुलीचं ‘6 मुलींना भरून दिले’ हे चार शब्दांत मावलं, आणि मुलाखतीत तिला सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारलं गेलं.

इंग्रजीत ‘फर्स्ट जनरेशन ग्रॅज्युएट’ हा शब्दप्रयोग नोकरीच्या जगात ओळखीचा आहे, तो तसाच वापरा. मात्र काका किंवा मोठी बहीण पदवीधर असेल तर ‘घरातली पहिली’ लिहू नका. आईवडिलांपैकी कोणी पदवीधर नाही, हा त्या इंग्रजी शब्दप्रयोगाचा सर्वसाधारण अर्थ, पण मराठीत ‘घरातली पहिली’ म्हटलं की बहीणही मोजली जाते.

गरिबी, कर्ज, वडिलांचं दारूचं व्यसन, हे लिहावं का?

व्यसन आणि भांडणं नाही. ती गोष्ट तुमच्या एकट्याची नसते, ती वडिलांचीही असते, आणि गावातला कोणीही ते प्रोफाइल उघडू शकतो. पैशाची अडचण लिहायची तर तिच्यामुळे तुम्ही केलेल्या कामाच्या रूपात लिहा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत घरात आवक नाही आणि कॉलेजची फी नेमकी तेव्हाच. ‘बंदीच्या दोन महिन्यांत सुकी मासळी विकून मी फी भरली’ हे एक वाक्य परिस्थितीही सांगतं आणि तुम्हीही त्यात उभ्या दिसता.

मजकूर टाकण्याआधी तो घरी वाचून दाखवा. हर्णैच्या मुलीने वडिलांना वाचून दाखवला. आधीच्या खर्ड्यात ‘वडिलांची बोट’ असं होतं. ते म्हणाले, ‘बोट माझ्या एकट्याची नाही गं, भागीदारीतली म्हण.’ मुलाखतीत हे तिच्या तोंडून चुकलं असतं तर बाकी सगळं संशयात आलं असतं.

छोट्या कॉलेजचं नाव लिहू की नुसतं ‘मुंबई विद्यापीठ’ लिहू?

दोन्ही लिहा. नुसतं विद्यापीठ लिहिलं की कॉलेज लपवलंय हे आम्हाला लगेच कळतं. शिक्षणाच्या रकान्यात दोन्ही येऊ द्या, अबाउटमध्ये कशाचीच गरज नाही.

आमच्या घरी बोट नाही. वडील मुंबईला गिरणीत होते, आई गावी. मी काय लिहू?

बोट लागत नाही, घरातली जबाबदारी लागते. एका मुलाच्या घरची आंब्याची पन्नास झाडं. हापूस उतरवल्यावर फळ वजनाप्रमाणे वेगळं करून पेट्या भरायचं आणि वाशीच्या दलालाकडून आलेली पट्टी तपासायचं काम त्याच्याकडे होतं. पट्टीवर विक्री वर असते आणि खाली भाडं, हमाली असा खर्च वजा केलेला असतो. त्याने तीन हंगामांच्या पट्ट्या एका वहीत उतरवल्या आणि कोणत्या आठवड्यात पेटी पाठवली तर हातात जास्त उरतं हे वडिलांना दाखवलं. तो आज विक्रीच्या आकड्यांचं विश्लेषण करतो, आणि त्याच्या अबाउटचा दुसरा परिच्छेद त्या वहीचा आहे.

तुमच्याबाबतीत वडील मुंबईला होते, म्हणजे घरपट्टी, बँक, दवाखाना, गणपतीला येणाऱ्यांची सोय हे सगळं आईने आणि तुम्ही ओढलं असणार. त्यातलं कोणतं एक काम तुमच्याशिवाय अडायचं, ते आधी आठवा.

माझं इंग्रजी कच्चं आहे. दुसऱ्याकडून लिहून घेऊ का?

तपासून घ्या, लिहून घेऊ नका. दुसऱ्याने लिहिलेलं पहिल्या फोनवर उघडं पडतं, कारण आम्ही अबाउटमधलंच वाक्य धरून प्रश्न विचारतो. आधी मराठीत लिहा, मग एकेक वाक्य छोट्या इंग्रजी वाक्यात न्या. ‘तांडेल’, ‘वाटा’ असे शब्द ठेवायचे तर पुढे चार शब्दांत अर्थ द्या. प्रत्येक वाक्यावर, न अडखळता, स्वतःच्या इंग्रजीत पाच मिनिटं बोलता येतंय का ते मोठ्याने बोलून बघा. ज्या वाक्यावर अडलात ते वाक्य एकतर तुमचं नाही किंवा तुम्हाला पेलत नाही, ते काढा.

लिंक्डइनवर दुसऱ्या भाषेतलं प्रोफाइल जोडण्याचीही सोय आहे. पण आधी एका भाषेतलं नीट होऊ द्या.

वाढवून सांगितलं तर कोणाला कळणार आहे?

मला कळतं. ‘बोटींच्या ताफ्याचं आर्थिक व्यवस्थापन’ असं कोणी लिहिलं की मी विचारते, बोटी किती? एक. मग ताफा कुठला? तिथे उमेदवार खजील होतो. खरं तर एका बोटीची, सात वाट्यांची, रोज जुळणारी वही मला त्या ताफ्यापेक्षा जास्त आवडली असती. आकडे छोटे असू द्या, पण मोजलेले असू द्या. वहीचा फोटो जपून ठेवलेला असेल तर फारच छान. अबाउटच्या जवळच ‘फीचर्ड’ नावाचा भाग जोडता येतो, तिथे तो लावता येतो. खलाशांची नावं मात्र आधी झाकून घ्या.

मजकूर बरा झाला हे कसं ओळखायचं?

किती लोकांनी प्रोफाइल पाहिलं त्या आकड्यावरून नाही, तो खालीवर होतच राहतो. फोनवर किंवा मुलाखतीत पहिला प्रश्न काय येतो ते लिहून ठेवा. ‘तुमच्याबद्दल सांगा’ असाच प्रश्न येत असेल तर अबाउट कोणी वाचलेलं नाही किंवा वाचून काही लक्षात राहिलेलं नाही. तीन-चार ठिकाणी तसंच झालं तर वरच्या तीन ओळी बदला, गोष्ट बदलू नका.

हर्णैच्या मुलीचा तिसरा खर्डा चढल्यावर पंधरा दिवसांनी तिला एका दूध कंपनीच्या खरेदी विभागातून फोन आला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारल्यावर पुढचा प्रश्न केला तो असा: ‘त्या तीन लाद्यांचं पुढे काय झालं?’